शेवटचा ‘आ’

पंचशील घाईने म्हटले की सर्वांत आधी गळतो तो ‘पाणातिपाता’मधला शेवटचा ‘आ’. ‘पाणातिपात वेरमणी’ असे एका दमात म्हणून आपण पुढे जातो. मग तोच ऱ्हस्व ‘अदिन्नादाना’त, ‘मुसावादा’त, पाचही शीलांत शिरतो. एवढ्याशा मात्रेने काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पालीत हा ‘आ’ पंचमी विभक्तीचा प्रत्यय आहे. मराठीत आपण ‘पासून’ म्हणतो ते सगळे काम इथे ही एक मात्रा करते.

पहिले शील सोडवून पाहू. ‘पाण’ म्हणजे प्राण असलेला जीव, ‘अतिपात’ म्हणजे त्याला पाडणे, मारणे. ‘पाणातिपाता’ म्हणजे जीवहत्येपासून. ‘वेरमणी’ म्हणजे विरत होणे, थांबणे. आपला ‘विराम’ याच धातूचा. ‘सिक्खापदं’ म्हणजे शिकण्याचे पाऊल, शिक्षणाचा नियम. ‘समादियामि’ म्हणजे मी अंगीकारतो किंवा अंगीकारते. ‘जीवहत्येपासून दूर राहण्याचे शिक्षापद मी स्वीकारतो’ हे एक सलग वाक्य आहे. शेवटचा ‘आ’ ऱ्हस्व केला तरी व्याकरण जाणणारा समास लावून अर्थ काढील. पण ऐकणाऱ्याच्या कानाला ‘पासून’ सांगणारी खूण मात्र तिथे उरत नाही.

वाक्याच्या दुसऱ्या टोकाला ‘मि’ आहे. तो प्रथमपुरुषी एकवचनाचा. हजारोंचा समुदाय एकसुरात म्हणत असला तरी क्रियापद एकवचनीच राहते, कारण शील सामुदायिकरीत्या घेता येत नाही. ‘हत्या करू नकोस’ अशी आज्ञा या सूत्रात कुठेच नाही. सांगणारा कुणी वर बसलेला नाही, म्हणणाराच कर्ता आहे. दुसऱ्या शीलात तर हे फार सुंदर दिसते. ‘अदिन्नादाना’ची फोड अ-दिन्न-आदान, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. मराठीत आपण त्याला ‘चोरी’ म्हणतो, पण मूळ कल्पना चोरीहून मोठी आहे: कुणी दिले नसेल तर ते माझे नाही. आणि ‘आदान’ व ‘समादियामि’ दोन्ही एकाच धातूचे, ‘आ’ उपसर्ग लागलेल्या ‘दा’चे. न दिलेले घेणे सोडतो आणि शिक्षापद घेतो, अशी देवघेव एकाच वाक्यात होते.

त्रिसरणात अडचण उच्चाराची कमी आणि अर्थाची जास्त आहे. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ यात ‘बुद्धं’ आणि ‘सरणं’ दोन्ही द्वितीयेत आहेत, म्हणून अर्थ होतो: आश्रय म्हणून बुद्धाकडे जातो. पण मराठीत ‘शरण जाणे’ म्हणजे हार मानणे. लढाईत हरलेला शरण जातो, गुन्हेगार पोलिसांना शरण येतो. हा अर्थ मनात ठेवून त्रिसरण म्हटले, तर बुद्धापुढे गुडघे टेकल्यासारखे होते. पालीतले ‘सरण’ म्हणजे निवारा, भयापासून वाचवणारी जागा. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध भिक्खूंना ‘अत्तसरण’ व्हायला, म्हणजे स्वतःच स्वतःचा आश्रय व्हायला सांगतात. सरण म्हणजे शरणागती असती तर या शब्दाला काही अर्थच उरला नसता.

हे सूत्र घडत कसे गेले तेही विनयात दिसते. बोधीनंतर भेटलेले तपुस्स आणि भल्लिक हे दोघे व्यापारी फक्त बुद्ध आणि धम्म यांनाच सरण गेले, कारण संघ अजून जन्मलाच नव्हता. तीनदा ‘सरणं’ म्हणणारा पहिला उपासक म्हणजे यसाचा पिता, आणि पहिल्या उपासिका म्हणजे यसाची आई आणि पत्नी. ‘दुतियम्पि’, ‘ततियम्पि’ म्हणजे दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही. त्यातला ‘पि’ म्हणजे ‘सुद्धा’, आणि तो ऱ्हस्वच.

मग शुद्ध उच्चाराचा आग्रह किती धरायचा? हा प्रश्न महाराष्ट्रात नाजूक आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून त्रिसरण-पंचशील घेतले आणि मग लाखोंना दिले. त्या लाखोंच्या ‘ण’ला ‘न’ म्हणण्यावर पिढ्यान्‌पिढ्या हसले गेले होते. ‘सरनं’ म्हणणाऱ्या आजीला विहारात टोकणे म्हणजे तोच अपमान नव्या कपड्यांत परत आणणे, असे मी मानतो. चुल्लवग्गातली हकीकत इथे आठवावी. यमेळु आणि तेकुल हे ब्राह्मण कुळातले दोन भिक्खू तक्रार घेऊन आले, की नाना कुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदसात बांधू द्या. बुद्धांनी त्यांना फटकारले आणि नकार दिला.

शिवाय एकच ‘अस्सल’ उच्चार आज जगात कुठे नाही. थायलंडमध्ये ‘बुद्धं’चे ‘फुत्थङ्’ होते, म्यानमारमध्ये ‘स’ जिभेने दातांना लागून ‘थ’कडे झुकतो. बुद्धघोषांच्या नावे असलेली विनयाची अट्ठकथा प्रव्रज्येच्या वेळी सरणांचे उच्चार देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, दोघांचेही शुद्ध हवेत असे सांगते. पण तीही दोन पद्धती मान्य करते: अनुस्वाराने शब्द जोडून म्हणणे, किंवा प्रत्येक शब्द ‘म्’वर तोडून म्हणणे. तो कडक नियमही प्रव्रज्येचा आहे, विहारात येणाऱ्या गृहस्थाचा नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: ‘ण’ सोडून द्या, मात्रा सोडू नका. मराठी जिभेची खरी सवय आहे मधला ‘अ’ खाण्याची. ‘भगवतो’चे ‘भग्वतो’, ‘अरहतो’चे ‘अर्हतो’, ‘वेरमणी’चे ‘वेर्मणी’ होते. पालीत लिहिलेला प्रत्येक स्वर उच्चारायचा असतो. ‘मिच्छाचारा’तला ‘चा’ चार आकड्यातला, गुरांच्या चाऱ्यातला नव्हे. ‘सिक्खा’त आधी क् आणि मग ख, ‘सिख्खा’ नव्हे.

या सगळ्याची परीक्षा पाचव्या शीलात होते, कारण तिथे श्वास संपतो. ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ हा एकच लांब शब्द तोडायचा तो असा: सुरा-मेरय-मज्ज-पमाद-ट्ठाना. विनयातल्या खुलाशानुसार सुरा ही पीठ, भात अशा धान्याची, किण्व घालून केलेली. मेरय हा फुले, फळे, मध, गूळ यांचा आसव. म्हणजे विदर्भातली मोहाची दारू या वर्गीकरणात मेरयात बसते. ‘मज्ज’ म्हणजे मद आणणारे. ‘पमाद’ म्हणजे बेसावधपणा, आणि ‘ठान’ म्हणजे जागा, कारण. शेवटी पुन्हा तोच ‘आ’: बेसावधपणाचे कारण असलेल्या मद्यापासून. धाप लागलेला माणूस ‘मज्ज’वर श्वास घेतो आणि ‘पमादट्ठाना’ कसेबसे उरकतो. मग शील फक्त दारूबंदीचे उरते आणि दारू का सोडायची ते सांगणारा भागच ऐकू येत नाही. श्वास ‘मेरय’नंतर घ्यावा, आणि ‘मज्ज-पमाद-ट्ठाना’ एकत्र म्हणावे. पुढे उभे राहून म्हणवून घेणाऱ्याने एवढे सांभाळले, तर मागचे सगळे त्याच जागी थांबतात.