पुराव्याअभावी

मराठी वर्तमानपत्रांतल्या कोर्टाच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेले असते: 'सबळ पुराव्याअभावी आरोपीची निर्दोष मुक्तता.' आरोपीने गुन्हा केलाच नाही, असे न्यायालय इथे म्हणत नाही. सरकारी पक्षाला तो सिद्ध करता आला नाही, एवढेच म्हणते. वाचणारा मात्र यातून आपल्याला हवा तो अर्थ काढून मोकळा होतो.

या दोन गोष्टींतला फरक मला कळला तो अमेरिकेत एम.एस. करताना, चार गुण गमावून. संख्याशास्त्राच्या गृहपाठात एक नाणे २० वेळा उडवून ते सरळ आहे की नाही हे तपासायचे होते. माझे १४ छापे आले. नाणे सरळ असेल तर छापा आणि काटा यांत इतकी किंवा याहून मोठी तफावत निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता सुमारे ११.५ टक्के निघते. ती ५ टक्क्यांच्या खाली असेल तरच मूळ गृहीतक, म्हणजे नल हायपॉथेसिस, नाकारायचे असा नियम. म्हणून मी ऐटीत लिहिले, "नाणे सरळ आहे हे सिद्ध झाले." टीचिंग असिस्टंटने दहापैकी चार गुण कापले. गणित बरोबर असताना गुण का गेले, म्हणून मी भांडायला गेलो, तर पुढच्या आठवड्यात वहीसोबत त्याचे दोन पानी पत्र आले.

पत्रात त्याने आधी एक साधी गोष्ट करायला सांगितली होती. 'नाणे सरळ आहे' याऐवजी 'या नाण्याचा छापा ७० टक्के वेळा पडतो' हे गृहीतक धर आणि तीच आकडेवारी त्याला लाव. वीसचे ७० टक्के बरोबर १४! म्हणजे हे गृहीतकही नाकारता येत नाही. न नाकारणे म्हणजे सिद्ध होणे असेल, तर एकच नाणे सरळही ठरते आणि लबाडही.

पुढे त्याने विचारले होते, नाणे खरोखर ७० टक्क्यांचे असते, तर तुझ्या चाचणीने ते पकडले असते का? २० फेकींत सरळपणा नाकारायला किमान १५ छापे लागतात (किंवा मग पाच अथवा त्याहून कमी). ७० टक्क्यांचे नाणे १५ किंवा अधिक छापे देते ते शंभरातून साधारण ४२ वेळाच. उरलेल्या ५८ वेळा लबाड नाणे तुझ्यासमोरून निसटून जाते. १०० वेळा उडवलेस तर ६१ छापे पुरतात, आणि तेच नाणे शंभरातून सुमारे ९८ वेळा सापडते. चोर पकडण्याची ही जी ताकद, तिला 'पॉवर' म्हणतात. जाळ्याची भोके मोठी असताना मासा लागला नाही, तर तळ्यात मासे नाहीत असे म्हणू नये.

मग लिहायचे काय? त्याचे उत्तर होते: "छाप्याचे खरे प्रमाण सुमारे ४६ ते ८८ टक्क्यांच्या दरम्यान असू शकते, सरळपणा त्यात बसतो, पण लबाडीही बसते." फेकी वाढवल्या की ही पट्टी अरुंद होते. नाण्यात खोट असलीच तर ती अमुक इतक्यापेक्षा मोठी नाही, असे तेव्हा म्हणता येते. अगदी शून्य आहे असे मात्र कधीच नाही.

हा नुसता नाण्यांचा खेळ नाही. १९७८ मध्ये फ्रायमन आणि सहकाऱ्यांनी 'उपचाराने फरक पडला नाही' असे निष्कर्ष असलेल्या ७१ वैद्यकीय चाचण्या तपासल्या. त्यांतल्या ५० चाचण्या इतक्या लहान होत्या, की उपचाराने ५० टक्के सुधारणा खरोखर होत असती तरी ती नजरेतून सुटण्याची शक्यता १० टक्क्यांहून जास्त होती. म्हणजे चांगले उपचारही 'निरुपयोगी' म्हणून बाजूला पडले असण्याची शक्यता होती.

इथे प्रश्न गणिताचा राहत नाही, नीतीचा होतो. पुराव्याअभावी सोडायचे कोणाला? न्यायालय आरोपीला सोडते ते जाणूनबुजून, कारण निरपराध माणसाला शिक्षा होणे अधिक वाईट असे आपण मानले आहे. पण नव्या औषधाने 'अपाय आढळला नाही' असे म्हणताना संशयाचा फायदा औषधाला मिळतो आणि धोका रुग्णाच्या वाट्याला येतो. अशा वेळी किती माणसांवर, किती दिवस पाहिले, आणि अपाय असता तर तो दिसला असता का, हे सांगणे बोलणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते न सांगता 'अपाय नाही' म्हणणे ही खोटे न बोलता केलेली फसवणूक आहे.

आज क्लायंटला अहवाल देताना 'दोन पद्धतींत फरक नाही' असे वाक्य हातून उतरू लागले की ते चार गुण आठवतात. मग मी ते खोडतो आणि लिहितो, "फरक आढळला नाही," आणि त्याखाली आम्ही किती शोधले होते, तेही.