निरोपाची एक ओळ



घरच्या गणपतीचे विसर्जन झाले की हल्ली आपण शेवटचे छायाचित्र नातलगांना पाठवतो आणि त्याखाली एक ओळ लिहितो. बहुतेकदा ती अशी असते : ‘बाप्पा गेले, घर रिकामे झाले.’ डोळे भरून आलेले असताना लिहिलेली ती ओळ खोटी नसते. पण आपण वारकरी आहोत, म्हणून थोडे थांबून विचारावे की खरोखर कोण गेले?

आपला पांडुरंग कुठे जात नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो आणि पालख्या परतीला लागतात. तेव्हा निघतो तो वारकरी, देव विटेवर उभाच असतो. भाद्रपदात मात्र उलटे घडते. देव पाहुणा होऊन आपल्या घरी येतो, दीड, पाच, सात किंवा दहा दिवस राहतो आणि निघतो. उंबऱ्याशी आपण उभे राहतो. पंढरीत जाणारे आपण असतो, इथे मागे राहणारे आपण असतो. निरोपाच्या या दोन्ही बाजू ज्याने अनुभवल्या, त्याला ही ओळ जरा विचारानेच लिहावी लागते.

उत्तरपूजेचा क्रम आठवा. आरती होते, दही-पोह्यांची किंवा दहीभाताची शिदोरी दिली जाते. मग मूर्तीवर अक्षता वाहायच्या आणि तिला जागेवरून किंचित हलवायचे. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी ज्या देवत्वाला मूर्तीत येण्याची प्रार्थना केली, त्यालाच आता स्वस्थानी परतण्याची विनंती केलेली असते. म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने देवाचा निरोप घरातच, पाटावरच होतो. आपण पाण्यापर्यंत नेतो ती माती. मग पाण्याशी गळा का दाटतो? कारण देव सर्वत्र आहे हे बुद्धीला पटलेले असते, पण डोळ्यांना त्या एका रूपाची, त्या सोंडेची, त्या इवल्या डोळ्यांची सवय झालेली असते. हे रडणे अज्ञान नव्हे. वारीहून परतताना कळस दिसेनासा होईपर्यंत मागे वळून पाहणाऱ्याला कोणी अज्ञानी म्हणत नाही.

प्रेम तिथेच राहू द्यावे. धरून ठेवण्याचा हट्ट मात्र सोडावा. पूजेची ही मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची असते, ती याचसाठी. दीड वीत उंचीची शाडूची मूर्ती घरच्या बादलीत किंवा घंगाळात विसर्जित करून पाहा. आधी हार, दूर्वा, वस्त्रे, दागिने उतरवून घ्यावेत. मूर्ती पूर्ण बुडेल इतके पाणी असावे. थोड्या वेळाने कडा मऊ पडतात, बारीक बुडबुडे वर येतात, रंग सुटू लागतो. मग हात, सोंड, मुकुट हे वेगळे उरत नाहीत आणि शेवटी तळाशी गाळ राहतो. मूर्ती जाड असेल, तर याला एक-दोन दिवसही लागतात. तो गाळ बागेत किंवा कुंडीत घालावा. उद्या तिथे रोप वाढेल.

दोन दिवसांनीही नाकडोळे जसेच्या तसे दिसत असतील, तर एकतर मूर्तीवर पाणी आत जाऊ न देणारा जाड तैलरंग आहे, नाहीतर ती प्लास्टर ऑफ पॅरिसची आहे. प्लास्टर पाण्यात भिजते, पण शाडूसारखे सुटत नाही. ज्याला आपण दहा दिवस हात जोडले, त्याचे तुटलेले रूप ओहोटीनंतर किनाऱ्यावर पडलेले पाहवत नाही. निरोप नीट व्हावा असे वाटत असेल, तर ती काळजी चतुर्थीच्या आधी, मूर्ती निवडतानाच घ्यावी लागते. भक्तीतला हा भाग छायाचित्रात दिसत नाही.

अनेक घरांत विसर्जनाहून परतताना नदीकाठची चिमूटभर वाळू किंवा माती रिकाम्या पाटावर आणून ठेवतात. पाट पूर्ण रिकामा न्यायचा नाही आणि रिकामा आणायचाही नाही, असा त्यामागचा भाव. पाण्याला माती दिली, पाण्याकडून माती घेतली. गेले ते रूप, राहिले ते नाते.

आता ती ओळ. आपल्या भाषेत घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आपणही निघालेल्या देवाला ‘लवकर या’ म्हणूनच हाक देतो. मग छायाचित्राखाली ‘गेले’ का लिहावे? यंदा एवढेच लिहून पाहा : ‘बाप्पा, येतो म्हणालात. पाट पुसून ठेवला आहे.’

आणि ती लिहिल्यावर पाट खरोखरच पुसून ठेवा.

रामकृष्ण हरी.