तोंडपाठ उत्तराला शून्य

एकतीस उत्तरपत्रिका तपासल्या. एकतीसपैकी सव्वीस जणांनी एकच वाक्य लिहिलंय: ‘पतधोरण एकदम आवळले तर बेरोजगारी वाढते, म्हणून महागाई हळूहळू कमी करणे केव्हाही श्रेयस्कर.’ त्या सव्वीस जणांना मी या प्रश्नात शून्य दिलंय. तक्रार करायला स्टाफरूममध्ये येऊ नका. आधी मी काय म्हणतो ते ऐका.

‘केव्हाही’ हा शब्द कुठून आणलात? एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसलेला मुलगा अर्थशास्त्रात ‘केव्हाही’ लिहितो आणि त्याला स्वतःला ते खटकत नाही, याचा मला राग आलाय. तुमच्यातले निम्मे रोज पिंपरी-चिंचवडहून येता. वर्गातल्या चौघांचे वडील चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आहेत, हे मला ठाऊक आहे. बेरोजगारी कुठून सुरू होते ते तुमच्या घरातल्या कपाटात कागदावर लिहून ठेवलंय, आणि तुम्ही गाइड उघडून बसता!

तो कागद म्हणजे वेतन करार. मी आज एक घेऊन आलोय. नाव झाकलंय, ते विचारू नका. हिरव्या शाईतला गोल शिक्का, शेवटच्या पानावर एका बाजूला व्यवस्थापनाच्या तीन सह्या, दुसऱ्या बाजूला युनियनच्या सात. एक सही मराठीत, थरथरत्या हातानं केलेली. मुदत तीन वर्षं. आपल्याकडे बहुतेक करार तीन वर्षांचेच असतात. पहिल्या वर्षी किती वाढ, दुसऱ्या वर्षी किती, तिसऱ्या वर्षी किती, हे सगळं आजच ठरतं. महागाई भत्त्याचा काही भाग निर्देशांकाबरोबर खालीवर होतो, पण मूळ वाढीचा आकडा एकदा सही झाली की हलत नाही. आता सांगा, तो आकडा ठरवताना टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या डोक्यात काय असतं? पुढच्या तीन वर्षांत भाव किती चढतील याचा अंदाज. सगळा विषय तिथं आहे.

महागाई दहा टक्के आहे असं धरा. सगळ्यांनी दहा टक्क्यांची वाढ लिहून सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह बँकेनं ब्रेक दाबला आणि महागाई चार टक्क्यांवर आणली. कारखान्याच्या मालाचा भाव दोन वर्षांत आठ टक्क्यांच्या आसपास वाढला, पगार मात्र करारानुसार एकवीस टक्क्यांनी. मालक कायम कामगाराला हात लावू शकत नाही, कागद आडवा येतो. मग तो काय करतो? आधी ओव्हरटाइम बंद. मग तिसरी पाळी बंद. मग कंत्राटी पोरांना ‘ब्रेक’. गेटवर ठेकेदार सांगतो, सोमवारपासून येऊ नका, बोलावलं की या. करार ज्याच्या नावावर नाही, त्याच्या पोटावर पहिला पाय पडतो. हे तुमच्यापैकी एकानंही लिहिलेलं नाही.

आता वही उघडा. शंभर कारखाने घ्या. करार तीन वर्षांचे, दरवर्षी एक तृतीयांश कारखान्यांचे संपतात. पगारवाढ महागाईपेक्षा जितके टक्के जास्त, तितका त्या कारखान्यावरचा ताण. तीन वर्षांचा ताण बेरजेनं मोजू.

पहिली शक्यता. बँक एका झटक्यात दहावरून चारवर जाते आणि लोकांचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. ज्यांचे करार यंदा संपले त्यांनी चार टक्के लिहिले, त्यांना ताण नाही. उरलेले दोन तृतीयांश जुन्या कागदानं बांधलेले, त्यांचा फरक सहाचा. दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश अडकलेले, फरक पुन्हा सहाचा. पहिल्या वर्षीचे सरासरी चार, दुसऱ्या वर्षीचे दोन, एकूण सहा.

दुसरी शक्यता. बँक आधी जाहीर करते: यंदा आठ, पुढच्या वर्षी सहा, मग चार. लोक विश्वास ठेवतात आणि नवे करार त्याच पायऱ्यांनी लिहितात. पहिल्या वर्षी दोन तृतीयांशांना दोनाचा फरक, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांशाला चारचा. एकूण पावणेतीनच्याही आत. इथवर तुमचं गाइड बरोबर आहे. विश्वास असूनही पहिल्या शक्यतेत किंमत पडली, कारण जुन्या कागदांना विश्वासानं काही फरक पडत नाही. जुने कागद आपोआप संपेपर्यंत वेळ देणं, हेच हळूहळू जाण्याचं खरं कारण.

तिसरी शक्यता तुम्ही कुणी पाहिलीच नाही. बँक तेच आठ-सहा-चार जाहीर करते, पण युनियन म्हणते, ‘असं दरवर्षी सांगतात, निवडणूक आली की सोडून देतात.’ मालकालाही तेच वाटतं. नवे करारही दहा टक्क्यांचेच होतात. बँक मात्र या वेळी खरोखर खाली उतरते. पहिल्या वर्षी सगळ्यांना दोनाचा फरक, दुसऱ्या वर्षी चारचा, तिसऱ्या वर्षी सहाचा. एकूण बारा. आणि तिसरं वर्ष संपलं तरी दहा टक्क्यांचे ताजे कागद हातात आहेतच.

झटका आणि विश्वास: सहा. हळूहळू आणि अविश्वास: बारा. कुठं गेलं तुमचं ‘केव्हाही’? (झटका आणि अविश्वास घेतला तर तीन वर्षांचे अठरा होतात, ते घरी स्वतः मांडून बघा.) हा ताण म्हणजे बेरोजगारीचा आकडा नव्हे, पण बेरोजगारी ज्या दाबातून बाहेर पडते तो हाच.

हे फळ्यावरचं गणित झालं. आपल्या देशात दोन्ही प्रकारचं ‘हळूहळू’ घडून गेलंय, तेही तुम्ही शाळेत होता त्या काळात. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर तेरा वेळा वाढवला, ४.७५ टक्क्यांवरून ८.५० टक्क्यांवर नेला. लहान लहान पावलं, म्हणजे तुमच्या गाइडला हवं तेच. पण प्रत्येक पावलाच्या वेळी महागाई रेपो दराच्या पुढेच होती, म्हणजे महागाई वजा केली तर कर्ज जवळजवळ फुकट पडत होतं. महागाई किती टक्क्यांवर आणायची आणि कधीपर्यंत, याचं बांधील उद्दिष्ट नव्हतं. २००८च्या जागतिक संकटानंतर वाढ मोडू नये ही भीतीही होती, ती खोटी नव्हती. परिणाम काय? २०१३च्या नोव्हेंबरात ग्राहक किमतींची महागाई अकरा टक्क्यांच्या वर होती, आणि तोपर्यंत विकासाचा वेगही उतरला होता. दोन्हीकडून मार. याच काळात रिझर्व्ह बँक शहरांतल्या घरांना पुढच्या वर्षीच्या महागाईचा अंदाज विचारत होती आणि उत्तरं दोन आकडी येत होती. असा अंदाज मनात धरून बसलेला माणूस चार टक्क्यांच्या वाढीवर सही करील?

मग जानेवारी २०१४मध्ये ऊर्जित पटेल समितीचा अहवाल आला. वर्षभरात आठ टक्के, दोन वर्षांत सहा टक्के आणि पुढे चार टक्के, दोन्ही बाजूंना दोनची मुभा. रघुराम राजन गव्हर्नर होते. मधल्या काळात खाली आलेला रेपो दर त्यांनी तीन वाढींत आठ टक्क्यांवर नेला आणि जवळजवळ वर्षभर तिथंच ठेवला. कपातीसाठी उद्योगजगताची ओरड सुरू असताना ठेवला. तेरा वेळा दर वाढवून जे साधलं नव्हतं ते इथं तीन वाढींच्या जोडीला तारखांचा कागद आल्यावर घडू लागलं. जानेवारी २०१५मध्ये महागाई सव्वापाचच्या आसपास, जानेवारी २०१६मध्ये सहाच्या आत. फेब्रुवारी २०१५मध्ये सरकारनं बँकेशी लेखी करार केला, २०१६मध्ये कायदा बदलला आणि पतधोरण समिती आली. माघार घ्यायची तर ती आता उघडपणे, कारणं देऊन घ्यावी लागणार होती.

आता लगेच उलट्या बाजूचं गाइड लिहू नका. २०१४च्या जूनमध्ये पिंपाला ११० डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल जानेवारी २०१५पर्यंत पन्नासच्या खाली आलं. त्याच सुमारास हमीभावातली वाढही आटोक्यात होती. उतरलेल्या महागाईतला किती वाटा तेलाचा आणि किती विश्वासाचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. जो विद्यार्थी सगळं श्रेय विश्वासार्हतेला देईल त्याचेही मी गुण कापीन. आणि बेरोजगारीची किंमत? आपल्याकडे नियमित श्रमशक्ती सर्वेक्षण २०१७-१८पासून सुरू झालं. त्याआधी ‘ब्रेक’वर घरी बसलेला पोरगा महिन्यामहिन्याच्या कुठल्याच सरकारी आकड्यात दिसत नव्हता. म्हणून भारतात ही किंमत बहुधा बुडालेल्या उत्पादनात मोजतात, आणि म्हणूनच ती कमी भासते.

माणसांत मोजलेली किंमत हवी असेल तर अमेरिका पाहा. ६ ऑक्टोबर १९७९ला फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी पैशाची कळ आवळली. हा झटका होता, पण लोकांनी एका दशकात अनेक अर्धवट मोहिमा पाहिल्या होत्या. त्यात १९८०च्या वसंतात मंदी दिसताच व्याजदर सतरा टक्क्यांच्या वरून उन्हाळ्यात नऊच्या आसपास उतरले. बघणाऱ्यांनी काय अर्थ घ्यायचा? हेही माघार घेतात. मग पुन्हा चढ, वीस टक्क्यांच्या आसपास. बेरोजगारी १९८२च्या अखेरीस १०.८ टक्के झाली. सहा टक्के ही सामान्य पातळी धरा. १९८२ ते १९८५ या चार वर्षांची सरासरी ९.७, ९.६, ७.५ आणि ७.२. जादा भाग मिळवला की बेरीज दहा. महागाई १९८१च्या १०.३ वरून १९८५मध्ये ३.६, म्हणजे उतार ६.७. दहाला ६.७ नं भागा: महागाईच्या दर एका टक्क्यामागे दीड टक्का बेरोजगारी वर्षभर. याला सॅक्रिफाइस रेशो म्हणतात, आणि हे भागाकार करून दाखवायचं असतं, नुसतं नाव लिहून नव्हे. अविश्वास किती चिवट होता ते पाहायचं असेल तर १९८४च्या जूनमधला दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा व्याजदर बघा. महागाई चारच्या घरात आलेली, तरी रोखे घेणारा तेरा टक्क्यांच्या वर मागत होता.

म्हणून धोरण तपासताना दर किती वाढला हे शेवटी बघा. आधी नव्याने सही होणाऱ्या करारातला आकडा बघा, घरांचे अंदाज बघा, लांब मुदतीच्या रोख्याचा दर बघा. हे तिन्ही हलत नसतील तर धोरण झटक्याचं असो की सावकाश, किंमत गेटबाहेरचा कंत्राटी कामगार भरतोय.

मुकाट्यानं बसू नका, लिहून घ्या. सोमवारपर्यंत प्रत्येकानं एक खराखुरा वेतन करार आणायचा. घरात नसेल तर ओळखीच्याकडून आणायचा, नाव झाकून, त्याच्या परवानगीनं. सहीचं वर्ष, तिन्ही वर्षांची वाढ आणि त्या त्या वर्षी प्रत्यक्षात झालेली महागाई असे तीन रकाने आखायचे. करार ज्यानं वाचून समजावला, त्या माणसाला विचारायचं: सही करताना पुढच्या तीन वर्षांत भाव किती वाढतील असं वाटलं होतं? उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचं. ज्याच्या वहीत ते उत्तर नसेल, त्यानं सोमवारी वर्गात बसू नये.