उत्तर नको असलेला प्रश्न

वाटसरू जेव्हां "पंढरीची वाट कोणती?" असें विचारतो, तेव्हां त्याला उत्तर हवें असतें. वाट दाखविली कीं तो चालूं लागतो. पण एखादा दुःखी मनुष्य "आतां जगून तरी काय करायचें?" असें म्हणतो, तेव्हां तो उत्तरासाठीं थांबत नाहीं. 'जगण्यांत अर्थ उरला नाहीं' हेंच तो प्रश्नाच्या तोंडानें सांगत असतो. आवाजाच्या या वळणाला साहित्यशास्त्रांत काकु म्हणतात.

मम्मटानें काव्यप्रकाशांत याला भीमाचें उदाहरण घेतलें आहे. वेणीसंहार नाटकांत तहाची बोलणीं ऐकून भीम खवळतो आणि 'मी कौरवांना रणांत चिरडणार नाहीं?' अशा भावाचें बोलतो. अर्थ काय, तर चिरडणारच! इथें प्रश्न काढून विधान ठेवलें तर जोर थोडा कमी होईल, अर्थ तोच राहील. भीमाच्या मनांत शंका नाहीं.

आतां त्याच्याच धाकट्या भावाकडे पाहूं. गीतेच्या पहिल्या अध्यायांत, प्रचलित प्रतींतील ३२ ते ३९ या आठ श्लोकांत, अर्जुन पांच श्लोकांत असेच प्रश्न करतो. राज्य घेऊन काय करायचें? त्रैलोक्यासाठीं मारणार नाहीं, मग या पृथ्वीची काय कथा? यांना मारून कसला आनंद? स्वजन मारून सुख कसें लागेल? आणि पाप दिसत असतां त्यांतून मागें फिरण्याचें आम्हांला कसें कळूं नये?

आम्ही तरुणपणीं कीर्तनांत हे प्रश्न भीमाच्या आवाजांत म्हणत असूं. एकदां कीर्तन संपल्यावर एक म्हातारी माळकरी बाई पायां पडतांना म्हणाली, "बुवा, तुमचा अर्जुन लई भांडतो. माझा ल्योक दारू सोडतो म्हणायचा, तवा असंच धा येळा इचारायचा, 'म्या आता पिईन का?'" आम्ही हसलों, पण रात्रीं पोथी उघडली तेव्हां हसूं मावळलें. बाईनें नेमकी खूण सांगितली होती. ज्याचा निश्चय झाला आहे, तो एकदां बोलून थांबतो.

अर्जुनानें ३२ व्या श्लोकाच्या आरंभींच विजय नको, राज्य नको, सुख नको असें सरळ सांगून टाकलें आहे. मग प्रश्न कशाला? कारण विधान केलें कीं तें एकट्याला पेलावें लागतें. प्रश्न केला कीं ऐकणाऱ्यानें मान हालवावी अशी आशा असते. आपला होकार डळमळतो, म्हणून दुसऱ्याचा होकार हवा. आणखी एक मौज पाहा. यांतील चार प्रश्नांत 'आम्ही' आहे.

भगवान् या पांचांपैकीं एकाचेंहि उत्तर देत नाहींत, मानहि हालवीत नाहींत. दुसऱ्या अध्यायांत ते उलट विचारतात, हें मालिन्य तुला या वेळीं कुठून आलें? त्यावर अर्जुन आणखी थोडें बोलतो, आणि ६ व्या श्लोकांत गांठ सुटते. आम्ही जिंकावें कीं त्यांनीं, यांत बरें काय तें आम्हांला कळत नाहीं, असें तो म्हणतो. लगेच ७ व्यांत 'आम्ही' जाऊन 'मी' येतो. मी विचारतों, मी शिष्य आहें, मला शिकवा. हा पहिला प्रश्न, ज्याला उत्तर हवें आहे.

पण एवढ्यानें संशय गेला असें समजूं नये. विचारून झाल्यावर ९ व्या श्लोकांत तो 'लढणार नाहीं' म्हणून गप्प बसतोच. माउलींनीं इथें मोहाला काळसर्प आणि श्रीहरीला गारुडी म्हटलें आहे. विष चढलेला मनुष्य बडबडतो. गारुडी त्या बडबडीशीं वाद घालीत नाहीं, विष उतरवितो. उपदेश ११ व्या श्लोकापासून सुरू होतो. संशय गेला असें अर्जुन स्वतः म्हणतो तें थेट अठराव्या अध्यायाच्या शेवटीं, ७३ व्या श्लोकांत. पहिल्या अध्यायांतले ते ठणठणीत प्रश्न संशयाचे होते, याला याहून मोठी साक्ष कोणती? पाहा, आम्हीहि हा प्रश्न तुमची मान हालावी म्हणूनच केला!

म्हणून अभंग म्हणतांना देवाला विचारलेला प्रश्न आला, तर क्षणभर थांबून पाहावें. तो भीमाचा आहे कीं अर्जुनाचा? विधान केल्यावर तो पुन्हां पुन्हां येतो का? त्यांत 'आम्ही'च्या आड कोणी 'मी' लपला आहे का? अर्जुनाचा असेल तर भीमाच्या आवाजांत म्हणूं नये. म्हणणाऱ्याचें दुःख त्यानें झांकलें जातें. आणि तो प्रश्न आपल्याच तोंडीं आला, तर विठ्ठल गप्प कां, म्हणून रुसूं नये. अजून आपण त्याला कांहीं विचारलेलेंच नसतें. आम्ही हें सारें 'आम्ही' म्हणूनच लिहिलें आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.