अर्धा आटा

भालकी-हुमनाबाद पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात गाळप ऐन भरात होतं. संध्याकाळी मिलच्या टर्बाइनला काही दुरुस्ती निघाली, म्हणून तिच्याकडे जाणारी वाफेची लाइन बंद केली होती. रात्री अडीचला फिटरनी काम संपल्याचं सांगितलं. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि तोडलेला ऊस ताटकळला की वाळतो, उतारा घटतो. त्यामुळे लाइन लवकर चालू करायची घाई होती.

टर्बाइनवरचे जुने अण्णा लग्नाला गावी गेले होते. त्यांच्या जागी पंपहाउसमधले मामा आले होते. पाण्याच्या व्हॉल्व्हमध्ये त्यांचा जन्म गेला होता, पण वाफेशी त्यांची ओळख नव्हती. म्हणूनच ते भिंतीवरचा बोर्ड नीट वाचून कामाला लागले. बोर्डावर वर कन्नड होतं आणि खाली मराठी. मराठीत दुसरी ओळ होती : ‘मुख्य व्हॉल्व्ह झटक्यात उघडा.’

मामांनी चाकाला हात घातला तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, जरा थांबा."

आयटीआय करून आलेला अप्रेंटिस होता तो. घरी आजीची मराठी, शाळा कन्नड. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून तो सगळे बोर्ड वहीत उतरवून काढायचा.

"काय बघूलालास? गाड्या खोळंबल्यात."

"मामा, वर कन्नडात ‘स्वल्प तेगेयिरि’ लिहिलंय. म्हणजे थोडासा उघडा. खाली मराठीत झटक्यात म्हणतात. दोन्ही कसं खरं असंल?"

"कन्नड लिहिणारा चुकला असंल."

"मग तिसरी ओळ बघा की. ‘ड्रेनमधून कोरडी वाफ येईपर्यंत थांबा.’ व्हॉल्व्ह झटक्यात उघडायचा असंल, तर मग थांबायचं कशासाठी?"

मामा गप्प झाले. पोराने पाइपाच्या आच्छादनाखाली उघडा राहिलेला फ्लँज दाखवला. मामांनी सावधपणे हात जवळ नेला. फ्लँज गार होता.

खरा धोका त्या गारव्यातच होता. गार लोखंडाला वाफ लागली की तिचं पाणी होतं आणि ते पाइपाच्या सखल भागात साचतं. मागून वाफेचा लोंढा आला की ते पाणी पाइपभर गोळा होऊन धावत सुटतं. वाफ वळणावरून सहज वळते, पाण्याचा गोळा मात्र वळत नाही, सरळ जाऊन आदळतो. घणासारखा तो दणका ओतीव लोखंडाच्या व्हॉल्व्हला बसला, तर तो वाकत नाही, फुटतो. मग समोर उभा असलेला माणूस वाफेत सापडतो. पाण्याच्या लाइनीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे माहीत नसलं, तर त्यात त्याचा दोष नाही.

मामांनी आधी सखल भागातला ड्रेन उघडला. बंद व्हॉल्व्हमधून झिरपलेल्या वाफेचं आतल्या आत झालेलं बादलीभर पाणी बाहेर आलं. ते पाहून मामांचा चेहरा उतरला. मग त्यांनी चाक अर्धा आटा फिरवलं, आत ‘सीऽऽ’ एवढंच ऐकू येईल इतकं. ड्रेनमधून पाणी थुंकत वाफ येऊ लागली. मध्येच पाइपात ‘ठक् ठक्’ वाजलं, तसं मामांनी चाक पुन्हा आवळलं, ड्रेनमधून पाणी निघून जाऊ दिलं आणि मग आणखी हळू सोडलं. हळूहळू पाणी थांबलं. शेवटी ड्रेनच्या तोंडाशी बोटभर जागेत काहीच दिसेना, ढग त्याच्या पुढे सुरू होत होता. वाफ कोरडी झाल्याची ती खूण. मग कुठे व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने पूर्ण उघडला. अर्धा तास गेला. गाड्या तेवढा वेळ उभ्या राहिल्या.

सकाळी इंजिनिअर साहेबांनी मूळ इंग्रजी पुस्तक काढलं. तिथे ‘क्रॅक ओपन’ असे शब्द होते. कारागिरांच्या इंग्रजीत त्याचा अर्थ फटीएवढं उघडणं. मराठी करणाऱ्या ऑफिसातल्या कारकुनाला मात्र ‘क्रॅक’ म्हटल्यावर चाबकाचा कडाका आठवला होता. कारकून स्वतः धावत आले आणि बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले. मग पोराला म्हणाले, "आता तूच सांग बाबा, काय लिहू?"

पोराला आजीचं बोलणं आठवलं. मांजर आत येऊ नये आणि वारा तेवढा यावा म्हणून ती दार जसं ठेवायला सांगायची, तो शब्द.

"किलकिला," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह आधी किलकिला करा, असं लिहा. आणि कंसात अर्धा आटा."

कारकुनांनी खडूने तसं लिहिलं आणि मामांना वाचायला लावलं. मामांनी वाचलं, मग चाकाकडे हात नेऊन हवेतच अर्धा आटा फिरवून दाखवला. तेव्हा कुठे रंगाचा डबा उघडला गेला.