हे माझे बाबा

बंगळुरूच्या एखाद्या मराठी घरातलं पहिली-दुसरीतलं मूल शाळेत बाबांची ओळख करून देताना 'धीज आर माय फादर' म्हणालं, तर ऐकणाऱ्याला हसू येईल. पण त्या वाक्यामागे त्याचं पक्कं व्याकरण आहे. घरी ते 'हे माझे बाबा' असं म्हणतं, 'हा माझा बाबा' असं पाहुण्यांसमोर म्हणत नाही. दारी कन्नडातही तेच ऐकतं. वडिलांसाठी तिथे 'इवरु' म्हणतात, तेही अनेकवचनच. मराठी आणि कन्नड दोन्हींत मान द्यायचा तर माणूस एक असला तरी रूप अनेकांचं घ्यावं लागतं. मुलाने तोच नियम इमानेइतबारे इंग्रजीत नेला. इंग्रजीतल्या 'धिस, दॅट, धीज, दोज' या चार शब्दांना मात्र वय, नातं, मान काही कळत नाही. बाबा एकच, म्हणून 'धिस इज माय फादर'.

जवळ आणि लांब हा भाग मुलांना फारसा शिकवावा लागत नाही. हातातला डबा 'हा', खिडकीपलीकडचं झाड 'ते', हे त्यांना बोलायला लागल्यापासून येतं. आईने स्वतःच्या हातातला डबा दाखवून 'हा डबा कुणाचा?' विचारलं, तर समोर लांब बसलेलं मूल 'तो माझा आहे' म्हणू शकतं. एकीचा 'हा' तो दुसऱ्याचा 'तो', कारण अंतर बोलणाऱ्यापासून मोजायचं. 'धिस' आणि 'दॅट' यांचंही असंच आहे.

अडचण येते मोजण्यात. मराठी व्याकरणातल्या नऊ मूळ सर्वनामांपैकी 'हा', 'तो' आणि 'जो' ही तीनच लिंगानुसार बदलतात. त्यामुळे 'हा' शब्दाला तीन लिंगं आणि दोन वचनं मिळून सहा जागा भरायच्या असतात, आणि त्या भरायला रूपं चारच आहेत: हा, ही, हे, ह्या. मग एकच रूप दोन जागी राबतं. 'ही वही' एक असते, 'ही पुस्तकं' अनेक असतात. 'हे पुस्तक' एक, 'हे आंबे' अनेक, आणि 'हे बाबा' पुन्हा एक. 'तो, ती, ते, त्या' यांचीही तीच गत. म्हणून 'हे म्हणजे धिस' असं पाठ करून दिलं, की आंब्यांपाशी मूल 'धिस मँगोज' म्हणणारच. बंगळुरूत त्याला आणखी एक आधार सापडतो. कन्नडात नामाआधी येणारा 'ई' बदलतच नाही. एक पुस्तक असो वा दहा, 'ई पुस्तक' आणि 'ई पुस्तकगळु'.

तेव्हा मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द लिहून देण्यापेक्षा वस्तू समोर ठेवाव्यात. टेबलावर एक वही आणि तीन पुस्तकं ठेवली, तर मराठीत दोन्हींना 'ही' म्हणावं लागतं. मुलाने शब्दाकडे न बघता मोजावं. वही एक, म्हणून 'धिस'. पुस्तकं तीन, म्हणून 'धीज'. मग तीच पुस्तकं दूरच्या कपाटावर ठेवली की 'दोज', आणि त्यातलं एकच उरलं की 'दॅट'. लिंग विचारायची गरज कुठेच पडत नाही.

उच्चाराकडेही कान हवा. 'धिस'मधला इ आखूड, शेवट 'स'चा. 'धीज'मध्ये ई लांब, शेवट सघोष 'ज'चा. बोलण्यात मराठी माणूस ऱ्हस्व-दीर्घ इकाराकडे फारसं लक्ष देत नाही. त्यामुळे कधी मुलाला फरक ठाऊक असतो, पण तोंडून दोन्ही सारखेच बाहेर पडतात. हे ओळखायचं तर त्याला लिहायला सांगावं. लिहिताना बरोबर आलं, तर घोळ जिभेचा. तिथेही चुकलं, तर मोजण्याचा.

मोजण्यालाही थोडे अपवाद आहेत. आपला चष्मा एक, पण इंग्रजीत काचा दोन, म्हणून 'धीज ग्लासेस'. कात्रीचंही तसंच. उलट 'हे केस' मराठीत अनेक, इंग्रजीत मात्र डोक्यावरचा सगळा संभार मिळून 'धिस हेअर'. असे शब्द थोडेच आहेत, ते जसे भेटतील तसे सांगावेत.

बाबांच्या वाक्याची दुरुस्ती करताना मात्र 'चूक' एवढंच म्हणून थांबू नये. इंग्रजीत इथे फक्त माणसं मोजतात, मान मोजत नाहीत, एवढं मुलाला सांगितलं की पुरे. नाहीतर इंग्रजीत सुधारलेलं मूल घरी येऊन पाहुण्यांना 'हा माझा बाबा' म्हणू लागायचं.