खालची भिंत, वरचं घर

वाटणीत खालचा मजला एका भावाला आणि वरचा दुसऱ्याला, अशी घरं लातूर-नांदेडच्या जुन्या वस्त्यांत गल्लोगल्ली आहेत. पुढं खालच्या भावाला रस्त्याच्या बाजूनं दुकान काढायचं असतं, किंवा मुलाच्या लग्नाआधी बैठक मोठी करायची असते. बैठक आणि मधली खोली यांच्यातली भिंत अडचणीची वाटू लागते. मिस्त्री येतो, भिंतीवर हात ठोकून बघतो आणि सांगतो, ‘साडेचार इंची हाय, नुसती पडदी. दोन दिवसांत काढून देतो.’ निर्णय तिथंच होतो. वरच्या घराला तो कळतो तेव्हा ब्रेकर सुरू झालेला असतो.

मला हा निर्णय अन्यायाचा वाटतो, भिंत खरंच पडदी निघाली तरीसुद्धा. खोली खालच्याच्या वाटणीची आहे. पण भिंतीच्या माथ्यावर काय टेकलं आहे हे तपासलं जाईपर्यंत ती भिंत त्याच्या एकट्याची नाही. मोकळी जागा त्याला मिळणार आणि चूक झाली तर झोपेत खाली येणार ती वरची माणसं. म्हणून तपासायची जबाबदारी पाडणाऱ्याची आहे. ‘भार आहे’ हे वरच्यानं सिद्ध करायचं नाही, ‘भार नाही’ हे खालच्यानं दाखवायचं.

जाडीवरून ते कळत नाही, हे तर आपल्या मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि हजारो माणसं त्याखाली गेली. त्यातल्या पुष्कळ घरांत माळवदाचा भार आतल्या लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होता. काही ठिकाणी भिंती कोसळल्या आणि माळवद खांबांवर तसंच उभं राहिलं. ज्या घरांत लाकडं थेट भिंतीवर टेकवलेली होती, तिथं भिंतीबरोबर माळवदही आलं. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसत होती. अवाढव्य भिंत भार न घेता उभी असू शकते आणि साडेचार इंची भिंत अख्खा स्लॅब पेलत असू शकते. जुन्या स्वस्त बांधकामांत तशी ती पेलतेही. मुठीनं ठोकून तर फक्त प्लास्टर सुटलंय का, एवढंच समजतं.

मग बघायचं काय? समजा, घर विटांच्या भिंतींवर उभं आहे. कोपऱ्यांत काँक्रीटचे कॉलम नाहीत, छताला खाली उतरलेले बीम नाहीत. शेजारी-शेजारी दोन खोल्या, प्रत्येकी 10 बाय 12 फुटांची, आणि मधे 12 फूट लांबीची भिंत. स्लॅब आपलं वजन मुख्यतः आखूड बाजूनं वाहून नेतो, म्हणजे इथं 10 फुटांच्या दिशेनं. त्या दिशेनं गेलं की आधी लागते ती हीच मधली भिंत. दोन्ही खोल्यांचा अर्धा-अर्धा स्लॅब तिच्यावर उतरतो. पाच इंची स्लॅब, त्यावरची फरशी, माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला सुमारे 600 किलो धरले, तर एका मजल्याचे साडेसहा टन झाले. वर त्याच रेषेत नऊ इंची भिंत असेल तर तिचे पावणेपाच टन. त्यावर गच्चीचा स्लॅब आणि कोबा. सगळं मिळून 17-18 टन, म्हणजे भरलेल्या ट्रकचं वजन, त्या ‘नुसत्या पडदी’च्या माथ्यावर.

भिंत काढली की 10 फुटांचा स्लॅब 20 फुटांचा होतो. अंतर दुप्पट झालं की वाकवणारा जोर किमान चौपट होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे सळया चुकीच्या जागी राहतात. भिंतीवरून सलग गेलेल्या स्लॅबला तिथं वरच्या अंगाला सळई लागते. भिंत गेली की तीच जागा नव्या स्लॅबचा मध्य होते आणि तिथं ताण खालच्या अंगाला येतो. खालच्या सळया तर भिंतीच्या माथ्यावर संपलेल्या असतात, किंवा जेमतेम एकमेकींवर चढवलेल्या. नवीन प्लास्टर करून हे बदलत नाही.

तपासणीला खर्च फार नाही. आधी वरच्या मजल्यावर जायचं आणि त्याच रेषेत भिंत, पाण्याची टाकी किंवा जिना आहे का ते टेप लावून बघायचं. हे काम वरच्या भावाच्या परवानगीशिवाय होत नाही, आणि ते बरंच आहे. मग भिंतीच्या माथ्याला तीन-चार ठिकाणी प्लास्टर छन्नीनं काढायचं. स्लॅब थेट विटेवर बसला आहे, की मधे बीम आहे, की शेवटचा थर मागाहून तुकडे कोंबून भरला आहे, ते तिथं दिसतं. शेवटी फरशी उचलून भिंतीच्या बुडाशी दीड-दोन फूट खड्डा घ्यायचा. फरशीखालच्या काँक्रीटवरच भिंत सुरू होत असेल तर ती मागून घातलेली असण्याची शक्यता मोठी. दगडी पाया खोल गेला असेल तर बांधणाऱ्यानं तिच्यावर काहीतरी ठेवायचं ठरवलं होतं. यातली कोणतीही एक खूण पुरेशी नाही. मागून घातलेली भिंतसुद्धा पुढं स्लॅब किंवा बीम खचल्यावर भार घेऊ लागते. म्हणून हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवायचं आणि त्याचा निर्णय लेखी घ्यायचा.

‘आमच्या शेजाऱ्यानं काढली, काही झालं नाही’ हे मी फार वेळा ऐकतो. काही दिवस काही होतही नाही. उरलेल्या तीन बाजूंच्या भिंती जास्तीचा भार घेतात आणि काँक्रीट हळूहळू वाकत जातं. आधी वरच्या खोलीतलं दार चौकटीत घासू लागतं, मग वरच्या भिंतीत तिरक्या भेगा जातात, फरशी मधोमध पोकळ वाजते. या खुणा वरच्या घरात दिसतात. खाली नवं पीओपी चकचकीत असतं.

25 जुलै 2017 ला मुंबईत घाटकोपरची साईसिद्धी ही चार मजली इमारत सकाळी कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण चालू होतं. त्या कामात खांबांना धक्का लावला, असा रहिवाशांचा आरोप होता. तिथं भिंत नव्हे तर खांब होते, पण नातं तेच. काम खाली, मरण सगळ्यांचं.

भार घेणारी भिंत काढताच येत नाही असं नाही. स्लॅबला आधी दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू देतात, मग भिंत तुकड्या-तुकड्यानं काढत गर्डर बसवतात. पण 12 फुटांवर पसरलेला भार आता गर्डरच्या दोन टोकांवर येतो, 17 टनांतले साडेआठ-साडेआठ. तिथं काँक्रीटचा ठोकळा आणि खाली तेवढा पाया लागतोच. गर्डर आणि स्लॅब यांच्यामधली फट घट्ट भरून ती पक्की होईपर्यंत टेकू हलवायचे नाहीत. तेवढे दिवस बरोबर वरच्या खोलीत कोणी झोपू नये आणि धान्याची पोती तिथून हलवावीत. हे वरच्यांना सांगायला खालच्यानं स्वतः जिना चढून जावं, इंजिनिअरचा कागद हातात घेऊन, ब्रेकर लावायच्या आधी. वरचे नको म्हणाले तर काम थांबवावं आणि इंजिनिअरला त्यांच्यासमोर बसवावं. त्याची फी खालच्यानं द्यावी, कारण वाढलेली बैठक त्याचीच होणार आहे.